एकचलव्रत

कॉफीच्या बारीक दळलेल्या आणि घट्ट दाबलेल्या पुडीच्या थरातून साधारण नऊ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे नऊपट दाबाने, नव्वद ते त्र्याण्णव अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी अर्धा मिनिट ढकलले असता जो दाट, गडद आणि वर तपकिरी फेस असलेला अर्क कपात उतरतो, त्याला एस्प्रेसो म्हणतात; आणि हे अर्ध्या मिनिटाचे काम मनासारखे व्हावे म्हणून एक सुशिक्षित, कमावता आणि एरवी समंजस मानला जाणारा मनुष्य रविवारची अख्खी सकाळ स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी घालवतो, त्याला डायल-इन करणे म्हणतात. बियांची नवी पिशवी फोडली की दळण किती बारीक ठेवायचे, पूड किती घ्यायची आणि कपात किती कॉफी उतरू द्यायची हे नव्याने जुळवावे लागते, कारण प्रत्येक बी वेगळ्या जातीची, वेगळ्या भाजणीची आणि वेगळ्या वयाची असते. एवढे समजायला पाच मिनिटे पुरतात. समजलेले पाळायला मात्र जो संयम लागतो तो मनुष्यजातीत फारसा आढळत नाही, आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय कॉफीइतकाच हा संयमाचा तुटवडाही आहे.

या साधनेत मुख्यतः तीन आकड्यांचे राज्य चालते. पहिला आकडा मात्रेचा, म्हणजे पोर्टाफिल्टरच्या बास्केटमध्ये भरलेल्या कोरड्या पुडीच्या वजनाचा. घरगुती यंत्रांत तो बहुधा अठरा ग्रॅमच्या आसपास असतो, कारण बास्केटचा आकारच त्या बेताने केलेला असतो. दुसरा आकडा उताऱ्याचा, म्हणजे कपात पडलेल्या द्रवाच्या वजनाचा; मात्रा आणि उतारा यांच्या प्रमाणाला ब्रू रेशो म्हणतात, आणि अठरा ग्रॅम पुडीतून छत्तीस ग्रॅम कॉफी उतरली तर ते प्रमाण एकास दोन झाले, जिथून बहुतेक सगळे सुरुवात करतात. तिसरा आकडा वेळेचा, म्हणजे पंप सुरू झाल्यापासून कप बाजूला घेईपर्यंतच्या सेकंदांचा, आणि तो पंचवीस ते तीसच्या दरम्यान यावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. उतारा मिलिलिटरमध्ये न मोजता ग्रॅममध्ये मोजतात, कारण वरचा फेस, ज्याला क्रेमा म्हणतात, तो मुख्यतः भाजलेल्या बियांत अडकलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. ताज्या बियांची कॉफी कपात वरपर्यंत फुगून येते, ग्लास भरल्याचे समाधान देते आणि दोन मिनिटांत खाली बसते. म्हणून कपाखाली वजनकाटा ठेवणे आले, आणि स्वयंपाकघरात दशांश चिन्हाचा प्रवेश झाला तो इथूनच.

या तीन आकड्यांत वेळेचे स्थान वेगळे आहे, आणि सगळा घोटाळा ते न ओळखल्याने होतो. मात्रा हाताने ठरवता येते आणि उतारा बटण दाबून थांबवता येतो, परंतु वेळ ठरवण्याचे कोणतेही बटण नसते. ती दळणातून आपोआप निघते. दळण जितके बारीक, तितक्या कणांमधल्या फटी अरुंद, तितका पाण्याला होणारा विरोध अधिक आणि तितकी वेळ जास्त. म्हणजे वेळ ही काय घडले ते सांगणारी साक्षीदार आहे. काय घडावे हे ठरवणारी न्यायाधीश नव्हे. तरीही सर्वाधिक श्रद्धा वेळेवरच बसते, कारण भिंतीवरचे घड्याळ, मोबाइलचे घड्याळ आणि यंत्राच्या पडद्यावरचे घड्याळ असे तिन्ही एकदम वाचता येतात, आणि चव मात्र स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवून ठरवावी लागते.

ज्या इटलीत हे पेय जन्मले तिथेही आकड्यांची हौस नाही असे नाही. मिलानच्या लुइजी बेत्सेरा याने १९०१ साली वाफेच्या यंत्राचे पेटंट घेतले, अकिले गाज्जाच्या तरफेच्या यंत्राने १९४० च्या दशकात दाब वाढवून कपावर क्रेमा आणला, आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने सात ग्रॅम पूड, पंचवीस सेकंद आणि फेसासकट पंचवीस मिलिलिटर असे मानकही लिहून काढले. फरक इतकाच की त्या मानकात प्रत्येक आकड्यापुढे अधिकउणे लिहिलेले आहे. वेळेला तर पाच सेकंदांची मोकळीक दोन्ही बाजूंना आहे. आपल्याकडे येताना आकडे आले आणि मोकळीक वाटेत राहिली.

उदाहरणादाखल पुण्यातील एका गृहस्थांचा प्रयोग तपासणे उपयुक्त ठरेल. त्यांच्याकडे चिकमगळूरच्या अरेबिका बियांची, मध्यमाहून किंचित फिकी भाजलेली, अडीचशे ग्रॅमची पिशवी होती, आणि पिशवीवर भाजल्याची तारीख दहा दिवसांपूर्वीची होती, जे योग्यच होते, कारण अगदी ताज्या भाजलेल्या बियांत वायू इतका असतो की पहिल्या आठवड्यात कोणताच आकडा स्थिर राहत नाही. त्यांच्या ग्राइंडरच्या चकतीवर अंक होते आणि अंक जितका लहान तितके दळण बारीक. चकती बारावर ठेवून, अठरा ग्रॅम पूड भरून काढलेल्या पहिल्या शॉटमध्ये छत्तीस ग्रॅम कॉफी सोळा सेकंदांत उतरली. ती पातळ होती, फिकट होती आणि घोट घेताच गृहस्थांचा उजवा डोळा आपोआप मिटला.

"कशी झाली?" त्यांनी पत्नीपुढे कप धरला.

"कडू आहे."

"अगं, कडू की आंबट? नीट सांग."

"कॉफीसारखी लागते. कॉफी कडूच असते ना?"

या संवादात साधनेतील पहिली मोठी अडचण दडलेली आहे. पाणी थरातून लवकर निसटले तर बियांतील आम्ले तेवढी कपात येतात, मागाहून येणारा गोडवा चोथ्यातच राहतो आणि कॉफी आंबट लागते. याला अपुरा अर्क म्हणतात. पाणी फार वेळ रेंगाळले किंवा फार उतरले तर शेवटी निघणारी कडू आणि तुरट द्रव्येही ओढली जातात. याला अति अर्क म्हणतात. आंबट चवीने तोंडाला पाणी सुटते, तर कडवटपणा गिळल्यावरही मागे राहतो आणि तुरटपणाने जीभ कोरडी पडते, एवढा भेद लक्षात ठेवला तर दिशा चुकत नाही. परंतु आपल्याकडे साखरेशिवायची कॉफी एकदा कडू ठरली की तिच्या कडूपणाचे पोटभेद करण्याची कोणाला गरज वाटत नाही.

गृहस्थांनी मात्र भेद केला, आंबट हे निदान बरोबर ठरवले, आणि त्यानंतर जे केले त्याला वैद्यकात रोग्यावर सगळी औषधे एकदम चालवणे म्हणतात. चकती त्यांनी बारावरून नऊवर आणली. तेवढ्याने भागणार नाही असे वाटून मात्रा एकोणीस ग्रॅम केली. आणि पूड दाबण्याच्या टॅम्परवर दोन्ही हात ठेवून, टाचा उचलून, अंगातले सगळे वजन घातले. वास्तविक थर एकदा पुरता दबला की त्यापुढच्या जोराचा परिणाम नगण्य असतो. थर सपाट असणे महत्त्वाचे, आणि टाचा उचललेल्या मनुष्याकडून सपाट थर क्वचितच होतो. पंप सुरू झाला, यंत्र कण्हू लागले, वीस सेकंद काहीच आले नाही, मग काळ्या थेंबांची एक विचारपूर्वक रांग सुरू झाली, आणि मिनिट उलटून गेले तरी काटा छत्तीसला पोचला नाही. जे आले त्याने जीभ आतून वाळली. आता दोष दळणाचा, मात्रेचा की टाचांचा, हे जगातला कोणताही न्यायाधीश सांगू शकत नव्हता, कारण पुरावा गृहस्थांनी स्वतःच कालवून ठेवला होता.

तेव्हा त्यांनी तिन्ही गोष्टी उलट दिशेने फिरवल्या. चकती तेरावर गेली, मात्रा साडेसतरावर आली आणि टॅम्पर पुडीला नुसता कुरवाळून परतला. परिणामी कॉफी पहिल्यापेक्षाही वेगाने धावली आणि पहिल्यापेक्षाही आंबट झाली. इथपर्यंत ओट्यावर कपांची रांग लागली होती, आणि प्रत्येक कपातला एक एक घोट चाखल्यामुळे गृहस्थांचा हात इतका थरथरत होता की वजनकाट्यावरचा शेवटचा अंक स्थिर होईना.

"बाबा, तुम्ही एका वेळी किती गोष्टी बदलता?" विज्ञान शाखेत शिकणाऱ्या कन्येने विचारले.

"वेळ वाचवतोय."

"मग चूक कशाने झाली ते कसं कळणार?"

उत्तर पत्नीकडून आले. पोह्यांत काही कमी वाटले तर मीठ, साखर आणि लिंबू एकदम घालत नाहीत, एक घालून ढवळतात आणि चाखतात, असे त्यांनी कढईवरून नजर न हटवता सांगितले. विज्ञानाच्या पुस्तकात याच विचाराला एक चल बदलून बाकीचे स्थिर ठेवणे म्हणतात, आणि एस्प्रेसोपुरते बोलायचे तर त्याचा क्रम ठरलेला आहे: मात्रा बास्केटच्या मापाने एकदा ठरवायची आणि विसरून जायची, उतारा मात्रेच्या दुपटीवर बांधायचा, मग फक्त दळण हलवत वेळ पंचवीस ते तीस सेकंदांच्या टापूत आणायची, आणि त्यानंतरच, चवीचे ऐकून, उताऱ्याला हात लावायचा. तापमान या क्रमात सर्वांत शेवटी येते, आणि ज्यांच्या यंत्रात ते बदलता येत नाही त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावे.

गृहस्थांनी व्रत घेतले. मात्रा अठरा, उतारा छत्तीस, चकती पुन्हा बारा. तिथून एक घर बारीक, म्हणजे अकरा. शॉटला लागले सतरा सेकंद. सोळाचे सतरा, म्हणजे फरक पडलाच नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी चकती थेट नऊवर नेली, आणि तो शॉट चाळीस सेकंदांवर गेला. हा ग्राइंडरचा खोडसाळपणा नव्हता. दळणाच्या पात्यांमध्ये आणि पूड बाहेर येण्याच्या नळीत मागच्या दळणाची एखाद-दोन ग्रॅम पूड नेहमी अडकून राहते. चकती फिरवल्यावर पहिली बाहेर येते ती ही जुनी, जाड पूड, आणि म्हणून पहिला शॉट काही अंशी जुन्या अंकाचा आणि बाकी नव्या अंकाचा असतो. त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे चकती फिरवल्यानंतर दोन-तीन ग्रॅम बिया दळून ती पूड टाकून देणे. या ठिकाणी शास्त्र आणि मराठी मध्यमवर्गीय संस्कार यांचा थेट सामना होतो. गृहस्थांनी टाकून द्यायची पूड एका वाटीत जमवली, ती फ्रिजमध्ये ठेवली आणि फिल्टर कॉफीला वापरू असे जाहीर केले. ती वाटी अजून फ्रिजमध्ये आहे.

पूड टाकून, म्हणजे वाटीत टाकून, चकती दहावर ठेवली तेव्हा छत्तीस ग्रॅम अठ्ठावीस सेकंदांत उतरले. बटण त्यांनी तेहतीस ग्रॅमवरच बंद केले होते, कारण पंप थांबल्यावरही दोन-तीन ग्रॅम ठिबकतात आणि त्यांची गणती आधीच करून ठेवावी लागते. आकडे सर्व पाठ्यपुस्तकी झाले, घरात पेढे वाटण्याची भाषा झाली, आणि मग कोणीतरी ती कॉफी प्यायले. ती अजूनही थोडी आंबट होती.

साधकाच्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण क्षण होय. आकडे बरोबर असताना चव चुकली तर दोष जिभेला द्यावा असा मनाचा कल होतो, आणि गृहस्थांनी "फळांचा गंध आहे, तो असाच लागतो" असे म्हणून जिभेला समजावण्याचा प्रयत्न केलाही. वस्तुस्थिती अशी की फिकी भाजलेली बी दाट असते, तिच्यातली द्रव्ये सहजी सुटत नाहीत, आणि एकास दोन या प्रमाणात त्यांतली काही आतच राहतात. अशा वेळी दळण आणखी बारीक करण्याचा मोह होतो, पण त्याला मर्यादा आहे. फार बारीक पुडीत पाणी सगळीकडून सारखे न जाता जिथे थर कमकुवत असेल तिथे भोक पाडून निसटते. याला चॅनलिंग म्हणतात. मग भोकाजवळची पूड कडू होईपर्यंत धुतली जाते आणि बाकीची जवळजवळ कोरडी राहते, त्यामुळे एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही लागतात, आणि बारीक दळूनही वेळ वाढण्याऐवजी घटते. तळाची तोटी नसलेला पोर्टाफिल्टर असेल तर निदान आणखी सोपे, कारण बास्केटच्या खालून पिचकारी उडते. गृहस्थांच्या पांढऱ्या सदऱ्यावरचे तीन ठिपके याच निदानाचे आहेत. अशा वेळी चकतीला हात न लावता बारीक सुईने पूड ढवळून गुठळ्या फोडाव्यात आणि टॅम्पर सरळ उभा दाबावा, म्हणजे दोष मुळातच जातो.

सदरा बदलून आलेल्या गृहस्थांनी या वेळी व्रत मोडले नाही. मात्रा अठरा, चकती दहा, ढवळणे आणि दाबणे पूर्वीसारखे. बदलला तो फक्त उतारा, छत्तीसवरून चाळीस ग्रॅमवर. प्रमाण झाले साधारण एकास सव्वादोन आणि वेळ झाली एकतीस सेकंद. जास्त पाणी थरातून गेल्यामुळे मागे राहिलेला गोडवा कपात आला, आंबटपणाची धार गेली आणि त्या मोबदल्यात दाटपणा किंचित कमी झाला, कारण अर्क आता अधिक पाण्यात विभागला गेला होता. उतारा वाढवला की हे दोन्ही परिणाम जोडीने येतात, एकटा कधीच येत नाही. पत्नीने घोट घेतला, दुसरा घेतला आणि कप परत दिला नाही.

"छान झालीये," त्या म्हणाल्या.

"पण वेळ एकतीस सेकंद झाली. तीसच्या वर गेली."

"अहो, मी कॉफी पितेय, सेकंद नाही."

गृहस्थ तरीही अस्वस्थ राहिले, आणि तो एक सेकंद कमी करण्यासाठी दळण अर्धे घर जाड करावे काय, याचा विचार त्यांनी दुपारच्या झोपेत चालू ठेवला. मोजता येणाऱ्या चुकीचे दुःख मनुष्याला न मोजता येणाऱ्या सुखापेक्षा जवळचे वाटते, हे या प्रकरणातून निघणारे एक सर्वसाधारण निरीक्षण आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. अडीचशे ग्रॅमच्या पिशवीतून अठरा ग्रॅमचे तेराच शॉट निघतात, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक जुळवाजुळवीत गेले होते. उरलेले आठवडाभर पुरले, परंतु तेवढ्यात बियांतला वायू उडत गेला, त्याचबरोबर थराचा विरोध कमी झाला आणि एकतीस सेकंदांचा शॉट पंचवीसवर आला, म्हणजे चकती पुन्हा एक घर बारीक करणे आले. त्यात पाऊस सुरू झाला, बियांनी हवेतली ओल धरली आणि सकाळचे दळण संध्याकाळी तसे राहिना. या प्रत्येक वेळी योग्य उपाय एकच होता, एक घर फिरवणे, पूड टाकणे आणि थांबणे. आणि प्रत्येक वेळी गृहस्थांचा हात मात्रेच्या चमच्याकडे गेला, तो कन्येने धरला.

पिशवीतला शेवटचा शॉट शेजारच्या काकांना देण्यात आला. त्यांना ब्रू रेशो, उतारा आणि चॅनलिंग यांची सविस्तर माहिती अगोदर देण्यात आली, ती त्यांनी मान हलवून ऐकली, कपाकडे पाहिले आणि विचारले, "एवढीच? बरं, दूध-साखर आहे ना?"

तात्पर्य, नवी पिशवी फोडणाऱ्याने मात्रा अठरा ग्रॅम, उतारा छत्तीस ग्रॅम आणि वेळ पंचवीस ते तीस सेकंद एवढे कागदावर लिहून ग्राइंडरला चिकटवावे, एका शॉटमागे एकच गोष्ट बदलावी, काय बदलले ते त्याच कागदावर टिपावे, आंबट लागले तर बारीक दळावे किंवा जास्त उतरवावे, कडू लागले तर उलट करावे, आणि चव आवडली की त्या क्षणी घड्याळ उलटे ठेवून द्यावे. पाहुणे येणार असतील तर चहा टाकावा.